यान हुस आणि हुसपंथीयांची युद्धं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या इतिहासात धर्मसुधारणा मार्टिन लूथरपासून सुरू होते. त्याच्या शंभर वर्षं आधी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात जे घडलं त्याला पुस्तकात एखादं वाक्य मिळतं. त्या वाक्यात बहुतेक वेळा एवढंच असतं की हुस नावाच्या धर्मोपदेशकाला जाळलं. त्याला कोणत्या मुद्द्यावर जाळलं, खटला कसा चालला आणि त्याच्या मागून उठलेल्या लोकांनी पुढे चर्चकडून काय मिळवलं, हे प्रश्न वाचकांच्या मनात राहूनच जातात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

यान हुस कोण होता?

दक्षिण बोहेमियातल्या हुसिनेत्स या गावी साधारण 1370 च्या सुमारास जन्मलेला गरीब घरचा मुलगा. प्रागच्या विद्यापीठात शिकला, तिथेच शिकवू लागला, 1400 मध्ये धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि 1402 पासून प्रागमधल्या बेथलेहेम चॅपेलमध्ये प्रवचनं देऊ लागला. हे चॅपेल 1391 मध्ये खास चेक भाषेतल्या प्रवचनांसाठी उभारलं होतं. उपासना लॅटिनमध्ये चाले, पण इथे बाजारातली बाई आणि कारागीर यांना कळेल अशा भाषेत बायबल समजावून सांगितलं जाई. हुसचा खरा प्रभाव या चॅपेलमधून पसरला. तो विद्वान होताच, 1409 मध्ये विद्यापीठाचा कुलगुरूही झाला, पण प्राग शहर त्याला ओळखत होतं ते प्रवचनकार म्हणून.

चर्चशी त्याचं नेमकं कुठे बिनसलं?

एका दिवसात बिनसलं नाही. सुरुवात झाली इंग्रज धर्मपंडित जॉन विक्लिफच्या ग्रंथांवरून. विक्लिफ 1384 मध्ये वारला होता, पण त्याची पुस्तकं प्रागला येऊन पोचली आणि चेक प्राध्यापकांना ती भावली. जर्मन प्राध्यापकांनी 1403 मध्ये विक्लिफची 45 विधानं निषिद्ध ठरवून घेतली. विद्यापीठात तेव्हा चार 'राष्ट्रां'ची चार मतं असत आणि चेक लोकांकडे त्यांतलं एकच होतं. राजा वाक्लाव चौथा याने 1409 च्या जानेवारीत कुत्ना होराच्या फर्मानाने हे उलटवलं: चेक लोकांना तीन मतं, बाकी सगळ्यांना मिळून एक. जर्मन प्राध्यापक आणि विद्यार्थी रागाने निघून गेले आणि त्यांनी लाइपझिगला नवं विद्यापीठ काढलं. जाताना हुसबद्दलची कटुता ते सोबत घेऊन गेले, आणि पुढे जर्मन भूमीवर खटला चालला तेव्हा ती त्याला भोवली.

राजाशी मात्र त्याचं फाटलं 1412 मध्ये. नेपल्सच्या राजाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारून त्याच्या खर्चासाठी पोप तेविसाव्या जॉनने पापमुक्तिपत्रं विकायला काढली. प्रागमध्ये पैशाच्या पेट्या ठेवल्या गेल्या. जमलेल्या रकमेत राजालाही वाटा होता. हुसने उघड विरोध केला. त्याचं म्हणणं असं की क्षमा पश्चात्तापाने मिळते, आणि ख्रिस्ती माणसांविरुद्धच्या लढाईसाठी पैसे गोळा करण्याचा अधिकार पोपला नाही. चर्चमध्ये उठून निषेध करणाऱ्या तीन तरुणांचा त्या जुलैत शिरच्छेद झाला. हुसवर आधीच बहिष्कार होता, तो आता आणखी कडक झाला. तो प्रागमध्ये राहील तोवर शहरातले सगळे धार्मिक विधी बंद राहतील, असा हुकूम निघाला. लोकांना मृतांची अंत्यक्रियाही नाकारली जाऊ नये म्हणून हुस ऑक्टोबर 1412 मध्ये शहर सोडून खेड्यांत गेला. जाण्याआधी त्याने पोपच्याही वर, थेट ख्रिस्ताकडे अपील केल्याचं जाहीर केलं. चर्चच्या कायद्यात अशा अपिलाला जागाच नव्हती, आणि खटल्यात त्यावर बोट ठेवलं गेलं.

कॉन्स्टन्सची धर्मसभा हुससाठीच भरली होती का?

नाही. युरोपात त्या वेळी एकाच वेळी तीन पोप होते. 1378 पासून रोम आणि आव्हिन्यों अशा दोन गाद्या चालत होत्या. त्या मिटवायला 1409 मध्ये पिसाला भरलेल्या सभेने तिसरा पोप नेमला आणि पहिले दोघे हटलेच नाहीत. जर्मनीचा राजा सिगिसमंड याने पिसाच्या परंपरेतल्या तेविसाव्या जॉनला सभा बोलवायला भाग पाडलं. नोव्हेंबर 1414 मध्ये कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या शहरात ती सुरू झाली. मुख्य काम तिघांना बाजूला करून एक पोप निवडणं, आणि ते 1417 मध्ये झालंही. हुसचं प्रकरण हे सभेपुढचं दुसरं काम होतं.

हा संदर्भ सोडला तर खटल्यातली सगळ्यात तिखट विसंगती हातून निसटते. या सभेने एप्रिल 1415 मध्ये स्वतःला पोपच्या वर ठरवलं आणि 29 मे रोजी तेविसाव्या जॉनला पदच्युत केलं. त्यानंतर आठवडाभरात तीच सभा हुसची सुनावणी घेऊ लागली, आणि त्याच्यावरचा मोठा आरोप हा की त्याने पापी पोपच्या अधिकारावर शंका घेतली.

अभयपत्र असताना त्याला अटक कशी झाली?

सिगिसमंडने हुसला सुरक्षित प्रवासाचं वचन दिलं होतं. त्याचा भाऊ वाक्लाव निपुत्रिक होता, त्याच्यामागे बोहेमियाची गादी सिगिसमंडला मिळणार होती, आणि पाखंडाचा डाग लागलेलं राज्य त्याला नको होतं. हुस 11 ऑक्टोबर 1414 ला निघाला. लेखी पत्र तेव्हा हाती आलं नव्हतं, ते त्याला कॉन्स्टन्सला पोचल्यावर मिळालं. सोबत यान ऑफ ख्लुम आणि वाक्लाव ऑफ दुबा हे चेक सरदार होते. 3 नोव्हेंबरला तो पोचला आणि 28 नोव्हेंबरला त्याला बोलावून घेऊन कैद केलं. सिगिसमंड तोवर शहरात आलाही नव्हता.

डोमिनिकन मठात शौचकूपालगतच्या कोठडीत त्याला ठेवलं, तिथे तो जीवघेणा आजारी पडला. नाताळच्या आदल्या रात्री सिगिसमंड आला आणि त्याने आरडाओरडा केला. त्यावर कार्डिनलांचं उत्तर सोपं होतं: राजा मध्ये पडणार असेल तर सभा मोडेल. सिगिसमंडला सभा हवी होती, त्याने हुसला वाऱ्यावर सोडलं. माझ्या मते वचनभंगाचा निर्णय याच क्षणी झाला, जुलैत नाही. हुसच्या मृत्यूनंतर, सप्टेंबर 1415 मध्ये, सभेने ठरावच केला की राजाने दिलेलं अभयपत्र पाखंडाच्या चौकशीत चर्चला बांधील नाही. आधी कृत्य आणि मागून नियम, असा हा क्रम होता.

मार्च 1415 मध्ये पोप जॉन वेश पालटून शहरातून पळाला. त्याच्या माणसांच्या ताब्यातल्या हुसला तेव्हा सोडता आलं असतं. त्याऐवजी त्याला गोटलीबेनच्या किल्ल्यात साखळदंडात टाकलं. पुढे पकडून आणलेल्या पोपलाही त्याच किल्ल्यात ठेवलं.

खटला प्रत्यक्षात कसा चालला?

हुसची अपेक्षा होती की त्याला भर सभेत आपली मतं मांडता येतील आणि बायबलच्या आधारे कुणी ती खोडून दाखवली तर तो नम्रपणे माघार घेईल. सभेच्या दृष्टीने तो चर्चेला आलेला विद्वान नव्हता, आरोपी होता. आरोपीने विधानांना होय किंवा नाही म्हणायचं आणि मग सभेच्या निर्णयापुढे मान तुकवायची.

सुनावण्या झाल्या 5, 7 आणि 8 जूनला, फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहात. सविस्तर हकिकत आपल्याला मिळते ती तिथे हजर असलेल्या पेत्र ऑफ म्लादोनोविच्च या तरुण चेक माणसामुळे. पहिल्या दिवशी हुसला आत आणण्याआधीच निकालाचा कागद तयार असल्याचं पेत्रच्या एका सोबत्याला दिसलं. चेक सरदारांनी धावत जाऊन सिगिसमंडला सांगितलं, तेव्हा राजाने निरोप धाडला की त्याचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल नको. ऐकून घेणं झालं ते असं: हुस बोलायला लागला की चारी बाजूंनी ओरडा, तो गप्प बसला की 'बघा, उत्तर नाही'. 7 जूनला सकाळी सूर्यग्रहण होतं आणि सुनावणी त्यानंतर सुरू झाली. त्या दिवशी भर होता विक्लिफवर, विशेषतः प्रभुभोजनाच्या प्रश्नावर. चर्चची शिकवण अशी की या विधीत भाकर ख्रिस्ताचं शरीर होते. विक्लिफ म्हणे की धर्मगुरूने मंत्र म्हटल्यावरही भाकर ही भाकरच राहते. हुसने हे कधीच शिकवलं नव्हतं. त्याने परत परत तसं सांगितलं, पण साक्षीदारांच्या जबान्या त्याच्या शपथेपेक्षा वजनदार ठरल्या.

8 जून सगळ्यात महत्त्वाचा. त्या दिवशी हुसच्या स्वतःच्या लेखनातून, मुख्यतः चर्चविषयी 1413 मध्ये लिहिलेल्या ग्रंथातून काढलेली 39 विधानं वाचली गेली. बरीचशी विधानं मूळ वाक्याच्या अटी गाळून उचललेली होती. गाभा असा: खरं चर्च म्हणजे देवाने निवडलेल्यांचा समुदाय, आणि त्याचं मस्तक ख्रिस्त. मग घोर पापात बुडालेला पोप हा त्या समुदायाचा खरा प्रमुख कसा? हुस त्यात एक भेद करत असे. असा पोप पदाने पोप असतो, पण त्या पदाला लायक नसतो, आणि वाईट धर्मगुरूने केलेले विधीही वैधच असतात. पण वादाच्या भरात तो एक पाऊल पुढे गेला: हेच राजालाही लागू होतं. सिगिसमंड तेव्हा खिडकीशी उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. कार्डिनल प्येर दाय्यी याने राजाला बोलावून घेतलं आणि हुसला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. राजा एवढंच म्हणाला की पापाशिवाय कुणीच जगत नाही. पण प्रत्येक राजाच्या पायाखालची जमीन हा माणूस हलवतो आहे, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं.

सभेची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण ती मूर्खांची सभा नव्हती. दाय्यी आणि पॅरिसचा जाँ जेर्सों हे त्या काळचे मोठे विद्वान होते आणि चर्चच्या सुधारणेची तळमळ त्यांनाही होती. त्यांचा मुद्दा असा की वाईट पोपला काढायचं तर ते सभेने, रीतसर प्रक्रियेने काढावं. अधिकार जर त्या माणसाच्या अंतरीच्या पावित्र्यावर अवलंबून ठेवला, तर कोण निवडलेला आणि कोण नाही हे ठरवणार कोण? उद्या कुणीही उठेल आणि आपल्या बिशपला मानणार नाही म्हणेल. भीती खोटी नव्हती. पण भीतीला उत्तर म्हणून माणूस जाळण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

एक शब्द मागे घेतला असता तर तो वाचला असता. त्याने तसं का केलं नाही?

त्याला संधी दिल्या गेल्या, अनेकदा. कार्डिनल झाबारेल्लाने तर सौम्य शब्दांतला माफीनामा तयार करून देण्याची तयारी दाखवली. हुसची अडचण वेगळी होती. माफीनाम्यात लिहायचं की 'मी ही मतं सोडतो'. जी मतं मी कधी मानलीच नाहीत ती 'सोडतो' म्हटलं तर मी ती मानत होतो अशी खोटी कबुली होते. ही देवासमोरची खोटी शपथ. शिवाय ज्या हजारो लोकांना मी शिकवलं ते काय समजतील?

तुरुंगातून त्याने लिहिलेल्या पत्रांत धीट वाक्यांच्या जोडीला भीतीही आहे. आपण टिकू ना, अशी शंका तो मित्रांना कळवतो. पापनिवेदनासाठी त्याने मागितला तो श्तेपान पालेच, एके काळचा जिवलग मित्र आणि आता मुख्य आरोपकर्त्यांपैकी एक. पालेच कोठडीत आला तेव्हा दोघांची बोलणी झाली आणि पालेच रडला.

6 जुलै 1415 ला काय झालं?

कॉन्स्टन्सच्या कॅथेड्रलमध्ये सभेची बैठक भरली. 30 विधानांवरून दोषारोप वाचला गेला. त्यात ऐन वेळी एक नवा आरोपही आला, की हुस स्वतःला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यातली चौथी व्यक्ती म्हणवतो. असं म्हणणाऱ्या साक्षीदाराचं नाव सांगा, असं हुसने म्हटलं. नाव सांगितलं गेलं नाही. मग त्याच्या अंगावर धर्मगुरूची वस्त्रं चढवून ती एकेक करून उतरवली आणि डोक्यावर सैतानांची चित्रं काढलेली कागदी टोपी घातली. तिच्यावर 'पाखंड्यांचा म्होरक्या' या अर्थाचा शब्द होता. चर्च स्वतः रक्त सांडत नाही म्हणून त्याला राजाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. चितेपाशी शेवटचं एकदा माघारीबद्दल विचारलं, त्याने नकार दिला आणि गात गात प्राण सोडले. भक्तांना अवशेष म्हणून काही नेता येऊ नये म्हणून राख ऱ्हाइन नदीत टाकली. त्याचा सहकारी जेरोम ऑफ प्राग याने आधी माघार घेतली, नंतर ती माघार परत घेतली, आणि 30 मे 1416 ला तोही तिथेच जाळला गेला.

हुसपंथीयांच्या झेंड्यावर प्याला का असतो? ती हुसची मागणी होती का?

मुळात नाही. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तोवर अशी रीत पडली होती की प्रभुभोजनात सामान्य भाविकाला फक्त भाकर मिळे, द्राक्षारसाचा प्याला फक्त धर्मगुरू घेई. बायबलात तर येशू सगळ्यांना 'यातून प्या' म्हणतो. 1414 च्या शरदात, हुस प्रागबाहेर असताना, याकोउबेक ऑफ स्त्रीब्रो याने भाविकांना प्याला द्यायला सुरुवात केली. हुसने तुरुंगातून त्याला पाठिंबा कळवला. 15 जून 1415 ला सभेने ही प्रथा निषिद्ध ठरवली, आणि तीन आठवड्यांनी हुसला जाळलं. त्यामुळे चेक लोकांच्या मनात प्याला आणि हुस कायमचे एकमेकांत गुंतले. देवनिवडीच्या सिद्धान्तावर शेतकरी लढत नाही. पण दर रविवारी ओठांना लागणारा प्याला कुणी हिसकावून घेतला तर लढतो.

मृत्यू 1415 चा, मग युद्ध 1419-20 मध्ये का?

आधी चार वर्षं कागदांची लढाई चालली. सप्टेंबर 1415 मध्ये बोहेमिया आणि शेजारच्या मोराव्हियाच्या 452 सरदारांनी आपल्या मोहरांनिशी निषेधपत्र कॉन्स्टन्सला पाठवलं. मार्च 1417 मध्ये प्राग विद्यापीठाने प्याल्याला मान्यता दिली. राजा वाक्लाव काणाडोळा करत राहिला. 1419 मध्ये नव्या पोपच्या आणि भावाच्या, म्हणजे सिगिसमंडच्या दबावाखाली त्याने चर्चेस पुन्हा कॅथलिक धर्मगुरूंच्या हाती दिली आणि प्रागच्या नव्या शहरात हुसविरोधी नगरसदस्य नेमले. 30 जुलैला यान झेलिव्स्की या प्रवचनकाराच्या मागून निघालेला जमाव टाउनहॉलवर गेला, कैद केलेल्या हुसपंथीयांना सोडा म्हणाला आणि नकार मिळताच सदस्यांना खिडक्यांतून खाली फेकून ठार केलं. बातमी ऐकून राजाला झटका आला. 16 ऑगस्टला तो वारला. आता वारस होता सिगिसमंड. ज्याने अभयपत्र मोडलं, त्यालाच राजा मानायचं होतं. मार्च 1420 मध्ये पोपने बोहेमियाविरुद्ध धर्मयुद्ध जाहीर केलं.

हुसपंथी सगळे एका मताचे होते का?

नव्हते, आणि त्यांचा इतिहास समजायला हेच ध्यानात ठेवावं लागतं. किमान मागण्यांवर एकमत झालं ते 1420 च्या 'प्रागच्या चार कलमां'वर: देवाच्या वचनाचा मुक्त प्रचार, सर्वांना भाकर आणि प्याला दोन्ही, धर्मगुरूंकडची ऐहिक सत्ता व संपत्ती काढून घेणं, आणि उघड घोर पापांना शिक्षा, मग करणारा कुठल्याही दर्जाचा असो.

प्रागच्या मवाळांना यापुढे जायचं नव्हतं. त्याच वर्षी दक्षिणेत ताबोर नावाचं नवं शहर वसवणाऱ्यांना मात्र अख्खी समाजरचना बदलायची होती. सुरुवातीला तिथे येणारा प्रत्येकजण आपली चीजवस्तू सामायिक पिपांत टाकी. पण त्याच शरदात ताबोर आसपासच्या शेतकऱ्यांकडून जमीनदारांसारखाच सारा घेऊ लागलं. ताबोरमधूनही अधिक टोकाचे लोक बाहेर पडले, त्यांना यान झिश्काने पकडून जाळलं. पाखंडी म्हणून जाळलेल्या माणसाच्या अनुयायांनी सहा वर्षांत दुसऱ्यांना पाखंडी म्हणून जाळावं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात दुःखद पान वाटतं.

शेतकऱ्यांनी शूरवीरांच्या घोडदळाला हरवलं कसं?

गाड्यांच्या कोटाने. झिश्का हा दक्षिण बोहेमियातला लहानसा सरदार, एका डोळ्याने आंधळा, पन्नाशी उलटलेला. त्याच्याकडे घोडे आणि चिलखतं नव्हती, पण शेतगाड्या आणि त्या हाकणारी माणसं होती. गाडीच्या बाहेरच्या अंगाला जाड फळ्या, चाकांमधल्या मोकळ्या जागेत आणखी एक फळी लोंबती, आणि एका गाडीचं चाक दुसरीच्या चाकाला साखळीने बांधलेलं. गाडीवर साधारण 18 ते 20 माणसं: आडव्या धनुष्यांचे तिरंदाज, हातबंदूकवाले, जवळ आलेल्यांसाठी मळणीच्या दांडक्यांना खिळे ठोकून बनवलेली शस्त्रं घेतलेले, आणि दोन गाडीवान. घोडेस्वाराची सगळी ताकद धडकेत असते. कोटापाशी त्याला धडक मारायला मोकळी बाजू उरत नाही. तो थांबला की वरून बाण आणि गोळ्या. शत्रू दमला की आतलं राखीव दळ बाहेर पडून तुटून पडायचं.

हे तंत्र सुरुवातीला किती तोकड्या साधनांनी चाललं ते सुदोमेर्झच्या लढाईत दिसतं. 25 मार्च 1420 ला झिश्का सुमारे 400 माणसं आणि 12 गाड्या घेऊन ताबोरकडे चालला होता. सोबत बायका-मुलंही होती. सुमारे दोन हजार राजपक्षीय स्वारांनी त्याला गाठलं. झिश्काने जागा निवडली ती मत्स्यतळ्यांच्या बांधाजवळ. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाणी सोडलेलं चिखलाचं तळं. उघड्या उरलेल्या बाजूला गाड्या लावल्या. चिखलात घोडे चालेनात म्हणून स्वार उतरले आणि जड चिलखतात पायी रुतत पुढे आले. लढाई अंधार पडेपर्यंत चालली, हुसपंथीयांचा एक नायक ब्रेनेक ऑफ श्विहोव्ह पडला, पण कोट फुटला नाही आणि रात्री स्वार परतले. विजयाचं श्रेय इथे गाड्यांइतकंच जागेला आहे. सपाट माळावर 12 गाड्यांना वळसा घालणं अवघड नव्हतं.

त्याच वर्षी 14 जुलैला प्रागबाहेरच्या वित्कोव्ह टेकडीवर झिश्काने सिगिसमंडचा हल्ला परतवला. 1421 मध्ये राबी किल्ल्याच्या वेढ्यात त्याचा दुसरा डोळाही गेला. पूर्ण आंधळा सेनापती त्यानंतर तीन वर्षं लढला आणि एकही मोठी लढाई हरला नाही. ऑक्टोबर 1424 मध्ये तो आजाराने वारला. त्याच्या सैनिकांनी पुढे स्वतःला 'अनाथ' म्हणवून घेतलं.

धर्मयुद्धं किती झाली, आणि हुसपंथी फक्त बचावच करत होते का?

पाच मोहिमा झाल्या: 1420, 1421, 1422, 1427 आणि 1431. पाचही फसल्या. शेवटची तर लढाईविनाच संपली म्हणायची. 14 ऑगस्ट 1431 ला दोमाझलित्सेजवळ हुसपंथीयांच्या गाड्यांचा खडखडाट आणि त्यांचं युद्धगीत ऐकूनच कार्डिनल चेसारिनीचं अवाढव्य सैन्य पळत सुटलं. गाड्यांच्या कोटाची दहशत तोवर कोटाच्याही पुढे गेली होती.

बचावाचं म्हणाल तर 1428 पासून प्रोकोप होली या धर्मगुरू-सेनापतीच्या नेतृत्वाखाली ते सायलीशिया, सॅक्सनी, फ्रँकोनियापर्यंत स्वाऱ्या करू लागले, 1433 मध्ये तर एक तुकडी बाल्टिक समुद्रापर्यंत पोचली. हेतू निम्मा शत्रूला वाटाघाटीला आणण्याचा आणि निम्मा लुटीचा होता, कारण वर्षानुवर्षं लढाईने पोळलेल्या देशात सैन्य पोसणं शक्य नव्हतं. क्रौर्य दोन्हीकडे होतं. कुत्ना होराच्या जर्मन खाणमालकांनी पकडलेले हुसपंथी चांदीच्या खाणींच्या विवरांत फेकले, आणि 1421 मध्ये झिश्काने खोमुतोव्ह घेतल्यावर तिथल्या रहिवाशांची सरसकट कत्तल झाली.

शेवटी कोण जिंकलं?

रणांगणावर हुसपंथीयांना हुसपंथीयांनीच हरवलं. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट मिळवली जी हुसला मिळाली नव्हती.

दोमाझलित्सेच्या फजितीनंतर तोच चेसारिनी बासेलच्या नव्या धर्मसभेचा अध्यक्ष म्हणून वाटाघाटींना तयार झाला. मे 1432 मध्ये खेब गावी अटी ठरल्या. चेक लोकांना कॉन्स्टन्स आठवत होतं, म्हणून सुरक्षिततेची हमी त्यांनी अगदी काटेकोर करून घेतली. त्याहून मोठी अट पुढची: वादाचा निवाडा सभेच्या अधिकाराने होणार नाही. देवाचा कायदा, ख्रिस्त, प्रेषित आणि आद्य चर्च यांचं आचरण, आणि त्यांवर खरोखर आधारलेले आचार्य व सभा, हेच मोजमाप. हुसने कॉन्स्टन्सला मागितलं होतं ते जवळजवळ हेच.

जानेवारी 1433 मध्ये हुसपंथी शिष्टमंडळ बासेलला आलं. यान रोकित्साना प्याल्यावर बोलला, मिकुलाश ऑफ पेल्हर्झिमोव्ह पापांच्या शिक्षेवर, ओल्डर्झिख ऑफ झ्नोयमो मुक्त प्रचारावर, आणि विक्लिफचा इंग्रज अनुयायी पीटर पेन धर्मगुरूंच्या मालमत्तेवर. प्रत्येकाने काही दिवस मांडणी केली, सभेच्या वक्त्यांनी काही दिवस उत्तर दिलं. कुणी ओरडून कुणाला गप्प बसवलं नाही. या बदलाच्या मुळाशी 18 वर्षांतलं नवं शहाणपण थोडं होतं आणि पाच हरलेल्या मोहिमा जास्त होत्या.

तडजोडीचा मसुदा प्रागला पोचला तेव्हा मवाळ तो घ्यायला तयार झाले आणि ताबोरी व अनाथ नाही म्हणाले. 30 मे 1434 ला लिपानीजवळ दोन्ही फौजा भिडल्या. दोघांकडे गाड्यांचा कोट होता, म्हणून नेहमीचं तंत्र निरुपयोगी होतं. मवाळ-कॅथलिक आघाडीचा सेनापती दिविश बोर्झेक हा एके काळी झिश्काच्याच बाजूने लढलेला. त्याने पळाल्याचं नाटक केलं. ताबोरी कोट उघडून पाठलागाला धावले आणि लपवून ठेवलेलं घोडदळ त्यांच्या उघड्या कोटात घुसलं. प्रोकोप होली तिथेच पडला. पकडलेल्या अनेकांना कोठारांत कोंडून जाळलं.

करार 5 जुलै 1436 ला यिह्लावा इथे जाहीर झाला. हुसच्या मृत्यूला 21 वर्षं व्हायला एक दिवस बाकी होता. बोहेमिया-मोराव्हियात ज्याला हवा त्याला प्याला मिळेल, बाकीची तीन कलमं पातळ केलेली, आणि बदल्यात सिगिसमंड राजा. तो दीड वर्षाच्या आत वारला.

तो करार टिकला का?

पोप दुसऱ्या पायसने 1462 मध्ये तो रद्द केल्याचं जाहीर केलं, पण चेक लोकांनी ते मानलं नाही. 1485 मध्ये कुत्ना होराला कॅथलिक आणि प्याला घेणारे या दोन्ही पक्षांनी एकमेकांना बरोबरीचं स्थान दिलं. युरोपात अशी कायदेशीर सहजीवनाची तडजोड तेव्हा दुर्मीळ होती. ती मोडली 1620 मध्ये, प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर प्रॉटेस्टंट सरदार हरल्यावर. त्यानंतर देश सक्तीने पुन्हा कॅथलिक करण्यात आला.

'शंभर वर्षांनी राजहंस येईल' हे हुस चितेवरून म्हणाला होता का?

नाही. हुस या नावाचा चेक भाषेत अर्थ हंसासारख्या पाळीव पक्ष्याशी जुळतो, त्यावरून 'आज हा पक्षी भाजाल, पण शंभर वर्षांनी येणाऱ्या राजहंसाला भाजू शकणार नाही' हे भाकीत त्याच्या तोंडी घातलं जातं. ते या रूपात आलं लूथरकडून, 1531 मध्ये. पेत्रच्या हकिकतीत असं काही नाही. झिश्काने मरताना आपल्या कातडीचा ढोल करायला सांगितलं, ही गोष्टही त्याच्या शत्रुपक्षातून पसरलेली आहे. लूथरचा हुसशी खरा संबंध मात्र आहे. 1519 मध्ये लाइपझिगच्या वादात प्रतिपक्षाने त्याला हुसपंथी म्हणून कोपऱ्यात गाठलं, तेव्हा कॉन्स्टन्सने धिक्कारलेली हुसची काही विधानं पूर्णपणे ख्रिस्ती होती, असं त्याने सांगून टाकलं. म्हणजे सभासुद्धा चुकू शकते.

हुसपंथाचं आज काय उरलं आहे? भारताशी काही धागा आहे का?

आहे. 1457 मध्ये, शस्त्र नाकारणाऱ्या पेत्र खेल्चित्स्कीच्या विचारांतून 'बंधूंची एकता' नावाचा छोटा पंथ निघाला. 1620 नंतर त्याचे लोक परागंदा झाले किंवा लपून राहिले. त्यांच्यातल्या मोराव्हियातून आलेल्या काही कुटुंबांनी 1722 मध्ये सॅक्सनीत हेर्नहुट वसवलं आणि तिथून मोराव्हियन चर्च जगभर गेलं. त्यांचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लाहौलमध्ये केलाँगला आले आणि 1885 मध्ये लेहला त्यांचं केंद्र सुरू झालं. लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना लेहमध्ये मोराव्हियन चर्च आणि मोराव्हियन मिशन स्कूल या पाट्या दिसतात. त्यांतला 'मोराव्हियन' हा शब्द या इतिहासातून आलेला आहे.

चेक प्रजासत्ताकात 6 जुलै ही सार्वजनिक सुट्टी आहे. डिसेंबर 1999 मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. आणि ज्या प्याल्यासाठी एवढं रक्त सांडलं, तो काही प्रसंगी सामान्य भाविकांनाही देण्याची मुभा कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत, 1963 मध्ये दिली.